झुंबरच्या नावाचा दावा

अमरावतीच्या एका बाईंनी फोनवर सुवर्णाला चांगलंच सुनावलं. 'झुंबर'ची गोधडी पहिल्याच धुण्यात उसवली म्हणे. सुवर्णाने फोटो मागवला. टाके मशीनचे होते. खामगावच्या तिच्या दुकानातली प्रत्येक गोधडी हातची असे. बाईंनी ती झुंबर डॉट इन या साइटवरून घेतली होती. सुवर्णाची साइट नव्हतीच. ती फोनवरच ऑर्डर घ्यायची.

आई, झुंबरबाई, गेल्यावर तिच्या नावाने सुवर्णाने धंदा उभा केला, ट्रेडमार्कही घेतला. ती बुलढाण्याला अर्पिता वकिलांकडे गेली. साइट कोणाची, ते नाव झाकलेलं होतं. अर्पिताने डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेकडे तक्रार केली, तेव्हा मालकाचं नाव कळलं.

पुष्पांजली.

सुवर्णाने ते नाव पुन्हा वाचलं. दोघी झुंबरबाईच्याच हाताखाली टाका शिकल्या, एका डब्यात जेवल्या. दोन वर्षांपूर्वी पुष्पांजली सुवर्णाच्या दुकानातलं काम सोडून पुण्याला गेली. मग फोन कमी होत होत थांबले.

"आपल्याला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत, ताई," अर्पिता म्हणाली. "साइटचं नाव आपल्या ब्रँडसारखंच आहे, तिचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तिने ते वाईट हेतूने घेतलं. ती तुमच्याकडेच कामाला होती, त्यामुळे हेतू दिसतो. नाव आपल्याकडे वळवून मिळेल."

"मंग तिले इथं या लागन का?"

"नाही. लवाद नेमतात. बहुतेक सगळं ईमेलवर, कागदांवरच."

"अन् कोर्टात केलं तं?"

"मनाईहुकूम, नुकसानभरपाई मागता येते. पण वर्षं जातात. आणि तिथेही बहुधा तिचा वकीलच उभा राहील." अर्पिताने तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला नाव पाहिजे की ती?"

सुवर्णाने पदराने चष्मा पुसला. "लोकायच्या गोधड्या उसवून राह्यल्या, बाई. नावच सोडवा."

लवादाने पुष्पांजलीला उत्तर द्यायला मुदत दिली. तिचं उत्तर आलं, सगळ्यांना प्रत असलेलं, एका ओळीचं: 'मला काही म्हणायचं नाही.' सुवर्णाने त्यात तिचं नेहमीचं 'ताई' शोधलं. नव्हतं.

निकाल तिच्या बाजूने लागला. नाव तिच्याकडे वळलं, मशीनच्या गोधड्यांचं पान गेलं. अर्पिताने फोनवर अभिनंदन केलं. सुवर्णाने "हाव, बरं झालं" म्हटलं आणि शेजारच्या, पुष्पांजलीच्या रिकाम्या पाटाकडे पाहत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने पुष्पांजलीच्या त्याच ईमेलवर लिहिलं, 'दावा संपला. आता तरी ये खामगावले.'

दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्या नावावर उघडलेल्या नव्या साइटवर ऑर्डरी वाढल्या. तिने दोन बाया कामाला ठेवल्या. त्या आपसात खूप बोलत. सुवर्णा मान खाली घालून टाके घालायची, आणि मोबाइल वाजला की आधी नाव बघायची.