ग्रीसचा वास आणि अर्धा राग

मी खोडरबर बोलतोय. हसू नका. पेन्सिलीचं कौतुक सगळे करतात, ती लिहिते म्हणून. मी खोडतो, म्हणून माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण माणसं काय लिहितात यापेक्षा काय लिहून पुसतात हे ज्याला ठाऊक, त्याच्यापाशी गोष्टी जास्त असतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराच्या लांबलचक पट्टीतून माझ्यासारखे शेकडो तुकडे कापले गेले. मग स्टेशनरीच्या दुकानातल्या बरणीत तीन महिने काढले, आणि तिथून एका बाईंनी मला उचलून आपल्या कचेरीतल्या खणात टाकलं.

या बाई म्हणजे आमच्या आत्या. कचेरीत पत्रं, निमंत्रणं, निरोपाची भाषणं लिहायची असली की सगळे त्यांच्याकडे धावतात. त्यांचा हातखंडाच आहे तो. त्यांच्या हातून निवृत्त होणारा प्रत्येक माणूस मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष होऊनच बाहेर पडतो, मग तो जन्मभर टेबलावर डोकं ठेवून झोपलेला का असेना! मी सगळं बघितलंय, पण माझं कोण ऐकतो?

एकदा मला पर्समध्ये टाकून आत्या भावाकडे आल्या असताना त्यांच्या आठ वर्षांच्या भाचीनं मला उसनं घेतलं. ते उसनं अजून फिटलेलं नाही. तिला घरात भिंगरी म्हणतात, एका जागी बसत नाही म्हणून. तिनं मला चावलं, माझ्यावर डोळे काढले, एकदा सूपमध्येही पाडलं. तरी सांगतो, खणापेक्षा मला तिचं दप्तर आवडलं.

भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला तिनं चिठ्ठी लिहिली होती आणि आत्यांनी ती 'जराशी नीट' करून दिली होती. शेवटी सवयीनं लिहून गेल्या, 'आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' बाबा वाचून खो खो हसले. म्हणाले, "ताई, मला निवृत्त केलंस की काय?" सगळे हसले. भिंगरी मात्र हसली नाही. अक्षर तिचं होतं, पण बाबांनी आभार मानले ते आत्यांचे. ती पलंगाखाली जाऊन बसली, आणि मी तिच्या मुठीत होतो. मूठ ओली झाली होती.

म्हणून यंदा तिनं आधीच बजावलं. "आत्या, चिठ्ठी नीट करून दे. पण बाबाला कळलं पाहिजे की मी लिहिलीय."

"बरं बाई," आत्या म्हणाल्या आणि कच्चा कागद पुढे ओढला. त्यावर असं होतं:

'बाबा तू लिफ्ट दुरुस्त करतोस आणि मग सगळे लोक वर जातात आणि मग तू जिन्याने घरी येतोस कारण आपल्याकडे लिफ्ट नाही आणि मग तू म्हणतोस गुडघे गेले आणि मग मी तुझे बूट काढते. तू खूप छान आहेस. माझ्या वाढदिवसाला तू आला नाहीस कारण लिफ्टमध्ये एक आजी अडकली होती. मला राग आला. मग ती सुटली तेव्हा राग अर्धा गेला. तुझ्या हाताला ग्रीसचा वास येतो तो मला आवडतो. तू खूप छान आहेस.'

आत्यांची पेन्सिल सुटलीच. 'बाबा, तू अहोरात्र कष्ट करून...'

"अहोरात्र म्हणजे?"

"दिवसरात्र."

"पण रात्री तर तो झोपतो. घोरतो पण!"

आत्यांनी निमूटपणे मला हातात घेतलं. अहोरात्र गेलं. कष्टही गेले. मग त्यांनी पेन्सिल भिंगरीच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या. कचेरीत त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आता तू मोठ्यानं वाच. दम लागेल तिथे थांब."

भिंगरी वाचू लागली. पहिल्या वाक्यात तिला तीनदा दम लागला. दम लागला तिथे पूर्णविराम आले आणि 'आणि मग' मी पुसले. बुटांच्या आधीचा एक मात्र आत्यांनी राहू दिला. "हा असू दे. तू बोलतेस अशीच."

"तू खूप छान आहेस, हे दोनदा आलंय. छान म्हणजे काय करतो गं तो?"

भिंगरीनं मला दातांत धरलं. "गणित चुकलं की ओरडत नाही. नुसतं 'हं' म्हणतो आणि परत दाखवतो."

आत्यांच्या ओठांवर 'संयमी' आलंच होतं, मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. "लिही. जसं बोललीस तसंच."

एक 'छान' गेलं, तिथे 'हं' आलं. ग्रीसचा वास बुटांजवळ गेला, कारण आत्यांनी विचारलं, "वास कधी येतो तुला?" आणि ती म्हणाली, "बूट काढताना, तो माझ्या डोक्यावर हात ठेवतो तेव्हा." तेही लिहिलं गेलं. शुभेच्छा द्यायच्या तर राहिल्याच होत्या, त्या तिनं सगळ्यात वर घातल्या.

मग आत्या अडल्या रागापाशी. "वाढदिवसाला राग कशाला? निदान 'सगळा राग गेला' असं करू या." आणि विचारायच्या आत मला 'अर्धा'वर घासलंसुद्धा. सवय, दुसरं काय!

"सगळा नाही गेला!" भिंगरी ओरडली. "खोटं कशाला लिहू? मग बाबाला कळेल, हे तुझंय."

आत्यांनी मला खाली ठेवलं. "चुकलं माझं," म्हणाल्या. भिंगरीनं त्याच जागी 'अर्धा' पुन्हा लिहिलं, पहिल्यापेक्षा ठळक.

पक्की चिठ्ठी तिनं एकटीनं लिहिली. आधी पेन्सिलीनं रेघा आखल्या, त्यावर निळ्या पेनानं अक्षरं. शाई वाळेपर्यंत दोघी फुंकर मारत बसल्या. मग रेघा मी पुसल्या. एका जागी शाई जराशी पसरली, तो दोष माझा.

संध्याकाळी बाबा आले. स्टुलावर बसले आणि बूट न काढताच वाचू लागले. आत्या कपाटापाशी उगाच कपडे लावत होत्या, आणि भिंगरी चक्क एका जागी उभी होती.

ग्रीसपाशी त्यांनी आपला हात हुंगला. 'हं'पाशी त्यांच्या तोंडून आपोआप "हं" निघालं. मग ते 'अर्धा'पाशी येऊन थांबले.

"भिंगरे, उरलेला अर्धा राग कुठाय?"

"आहे अजून."

"मग यंदा तुझ्या वाढदिवसाला मी सुट्टी टाकतो. कुणी अडकलं तर दुसरा जाईल."

"बघू," भिंगरी म्हणाली. पण तोवर ती त्यांच्या मांडीवर चढली होती.

आत्यांना राहवलं नाही. "चिठ्ठी कशी वाटली रे?"

बाबांनी मान वर करून पाहिलं. "अगं ताई, तू कधी आलीस?"

एवढ्या भाषणांना टाळ्या मिळाल्या, पण आत्यांना इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता मी नखाएवढा उरलोय, सुपाचा डाग अजून अंगावर आहे. लवकरच कुठल्यातरी फटीत हरवेन, त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे. लेकरांची चिठ्ठी नीट करायला बसलात, तर मला आधी त्यांच्या हातात द्या. काय पुसायचं ते त्यांना बरोबर कळतं.