पडद्यामागचा फोन

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत मुलीकडचे लोक घर बघायला येणार असले, की दिशाला मानखुर्दच्या आत्याकडे धाडायचं, हा शिरस्ताच होता. आंधळी बहीण दिसली तर तिच्या भावाचं, सुशांतचं, लग्न जमणार नाही म्हणून. पाच स्थळं तशी येऊन गेली. या वेळी तिला हलवता येईना. तीन दिवसांवर परीक्षा, आणि कॉलेजने पहिल्यांदाच तिला लेखनिकाशिवाय, स्वतः फोनवर टाईप करून पेपर लिहायची मुभा दिली होती.

म्हणून ती स्वयंपाकघरातल्या पडद्यामागे बसली. काचेवर बोट फिरवायचं, फोनमधलं टॉकबॅक एकेक अक्षर उच्चारतं. हवं ते ऐकू आलं की बोट उचलायचं, अक्षर उमटतं. "प्रश्न" लिहायला आधी प, मग पाय मोडायचं चिन्ह, मग र. चुकून खोडलं तर काय खोडलं तेही फोन सांगतो. एका ओळीला तिला सहा मिनिटं लागत होती. कानात घालायची वायर कालच तुटलेली, म्हणून फोन मोठ्याने बोलत होता.

"गो, गप कर त्या मेल्याक! माणसं इली!" म्हणत द्रौपदीआजीने फोन हिसकावला. आवाजाची दोन्ही बटणं एकदमच आवळून धरली. टॉकबॅक बंद पडून फोन मुका झाला तेव्हा तो परत देऊन ती बाहेर गेली.

बाहेर मुलीकडचे मामा विद्याधर चहा घेत होते. आजीला पडद्याच्या फटीतून आत दिसत होतं. दिशा काचेवर बोट फिरवत होती, कान लावत होती, पुन्हा फिरवत होती. काहीच ऐकू येत नव्हतं. चेहरा रडवेला, पण हूं की चूं नाही. गप्प राहायची सवय आपणच लावली, हे आजीला त्या क्षणी उमगलं.

मग दिशाला कॉलेजच्या बाईंनी शिकवलेलं आठवलं असावं. तिने दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली. खोलीभर आवाज घुमला, "टॉकबॅक सुरू." आणि मागोमाग, "प. र. श."

"आत कोण आहे?" मामांनी विचारलं.

"शेजारचा रेडिओ," सून अनुपमा, सुशांतची आई, घाईने म्हणाली.

"रेडिओ नाय," आजी म्हणाली. "माझी नात. डोळ्यांनी दिसत नाय तिला. तीन दिवसांनी पेपर लिहिणार हाय."

"आई!" अनुपमाचा आवाज चिरकला.

मामांनी कप खाली ठेवला. "घराण्यात आहे का हे?"

"घराण्यात लपवायचा रोग हाय. तो माझ्यापासून लागला."

पंधरा मिनिटांत पाहुणे गेले. सुशांत चपला घालून बाहेर पडला. अनुपमा ओट्याशी रडत राहिली. आजीने कोणाची समजूत घातली नाही, तेवढी ताकद उरली नव्हती. गुडघ्यावर हात टेकत ती पडद्यामागे गेली.

"आजी, माझ्यामुळे मोडलं?" दिशाने विचारलं.

"माझ्यामुळे. चल, बाहेरच्या खोलीत बस. उजेड तुला नको, पण वारा हाय थंय."

दिशा उठली. बाहेरच्या खोलीत, दारासमोर, सगळ्यांना दिसेल अशी बसली. फोन मोठ्याने बोलू लागला.

"मोठ्यानेच बोलू दे," आजी म्हणाली, आणि दार सताड उघडं ठेवून तिच्या शेजारी टेकली.