चोंदलेलं नाक आणि दुसरा सिलॅबल

नेमकं तोंडी परीक्षेच्या दिवशी तिचं नाक चोंदलं. अख्खा प्रबंध इंग्रजीतल्या ‘बट्न्’ आणि ‘बॉट्ल्’च्या उच्चारांवर, आणि बाईसाहेबांना साधा ‘न’ म्हणता येईना!

"बट्न्‌मध्ये स्वर एकच," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "मग सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, दोन कसे? म्हणून दाखवा."

ती ‘बट्’वरच अडकली. शेजारी बसलेल्या तिच्या मार्गदर्शक बाईंनी मान खाली घातली.

"सर, सिलॅबलचं केंद्र म्हणजे त्यातला सगळ्यांत घुमणारा ध्वनी," ती कशीबशी बोलली. "एरवी तो मान स्वराचा. इथे ‘ट्’नंतर जिभेचं टोक जागचं हलतच नाही, स्वराला वाट नाही. मग मान ‘न्’ला मिळतो, कारण ‘ट्’पेक्षा तो कितीतरी घुमतो. पण घुमतो नाकातून, आणि माझं नाक बंद आहे. तिथे स्वर असता, तर तोंडातून आला नसता का? ‘ल्’ मात्र जिभेच्या कडांवरून निघतो, म्हणून बॉट्ल् जमतं." आणि ‘बॉट्ल्’ खणखणीत आलं.

परीक्षक हसले नाहीत. "बाहेर थांबा."

बाकावर आई बसली होती. "काय गं, झालं?"

"वाट लागली बहुतेक."

तेवढ्यात बंद दारामागून परीक्षकांचा आवाज आला. "बट्... बट्..." मग शांतता, आणि चिमटीतलं नाक सोडल्यासारखं लांबलचक "न्न्न्!" लगेच बाईंचंही तेच.

"अगंबाई," आई कुजबुजली, "त्यांनाही तुझी सर्दी लागली?"