एकाला दहा

सभेतली पहिली शीळ वाजली ती मामांच्या कानातून. दूर कुठेतरी किटली उकळावी तशी, बारीक आणि लांबलचक. मामांना ती ऐकू येत नव्हती, पण सगळ्या हॉलला येत होती. शेजारी बसलेल्या बाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला, तेव्हा त्यांनी कानामागचं यंत्र बोटाने दाबलं आणि ओशाळून हसले.

मंचावर बसलेल्या ताईला मात्र हसू आलं नाही. ते यंत्र तिच्याच कारखान्यातलं होतं.

ताईला सगळे ताईच म्हणत, गेटवरच्या रखवालदारापासून फंडवाल्या साहेबांपर्यंत. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी स्वस्त यंत्र करायचं असं तिच्या मनात आलं, तेव्हा तिच्याजवळ एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि मामांनी निवृत्तीच्या पैशातून दिलेली रक्कम एवढंच होतं. मग पहिल्या कामगारांनी, बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या शिक्षकांनी थोडे थोडे शेअर घेतले. कंपनी रांगायला लागली, पण चालायचं तर मोठी मशिनं हवीत आणि मशिनांना मोठा पैसा हवा. तो कंपन्यांत पैसा गुंतवणाऱ्या एका फंडाकडे होता.

पैसा घ्यायचा म्हणजे शेअर द्यायचे. एकदा दिले, मग पुन्हा, मग परत. घर बांधताना एकेक खोली विकत जावी, आणि घर बांधून होईस्तोवर आपण अंगणात आलेलो असावं, तसं. तिच्या ओळखीचे एक गृहस्थ असेच आपल्याच कंपनीच्या गेटवर उभे राहिले होते, आणि रखवालदाराने त्यांना रजिस्टरवर सही करायला लावली होती. ती गोष्ट ताईच्या जिवाला लागली होती.

त्यावर तोड काढली सेक्रेटरीबाईंनी. कंपनीचे कायदेकानू, सभा, ठराव सगळं त्यांच्याकडे. बोलायला तुटक, पण समजावण्यात हातखंडा.

"ताई, शेअरमध्ये दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात," त्या म्हणाल्या होत्या. "एक नफ्यातला वाटा, दुसरी मत. ही गाठ सोडता येते. तुमच्यासाठी वेगळ्या वर्गाचे शेअर काढू. नफ्याला इतरांइतकेच, पण मताला एकाला दहा. फंडाने कितीही पैसा घातला तरी सुकाणू तुमच्या हातात."

"आणि मी ते कुणाला दिले तर?"

"दिले की त्याच क्षणी साधे. एकाला एक. ही माणसाला दिलेली ताकद आहे, कागदाला नाही."

त्यासाठी जुन्या भागधारकांची परवानगी लागत होती. आपलं वजन आपणच कमी करून घ्यायला कोण हो म्हणेल? मामा उठले होते. "गाडीत बसणारे आपण सगळे," ते म्हणाले होते, "पण प्रत्येकाने स्टिअरिंगला हात घातला तर खड्ड्यात जाऊ. पोरीच्या हातात द्या." आणि मग ताईकडे वळून, हलक्या आवाजात, "फक्त एवढं, की हे कंपनीला सांभाळायला. आपल्या माणसांना सांभाळायला नाही."

ती म्हणाली होती, "मामा, सांगायला हवं का?"

आणि खरोखर सांगायला लागलं नव्हतं. मध्ये एकदा एका बड्या कंपनीने विकत घ्यायचा प्रस्ताव आणला. त्यांना स्वस्त यंत्र बंद करून महागडंच चालवायचं होतं. फंडाला ते मानवलं, आणि इतर काहींच्याही तोंडाला पाणी सुटलं. ताईने एकटीने नाही म्हटलं. त्या दिवशी तिने संध्याकाळची पूजा जरा लांबवली होती. देवाने हातात काही दिलं तर ते कशासाठी, हे आपल्याला कळलं असं तिला वाटलं होतं. आता ते आठवलं की कानशिलं तापत.

कारण आजच्या सभेतला ठराव तिच्या धाकट्या भावाबद्दल होता. धाकटा कंपनीत संचालक होता, उत्पादन बघायचा. चांगली नोकरी सोडून तो आला होता, तेही अशा वेळी जेव्हा पगार म्हणून फक्त चहा मिळायचा. त्यानेच गेल्या वर्षी यंत्राची रबराची कडी दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतली. चार पैसे वाचले. पण नवी कडी काही आठवड्यांत कडक व्हायची, आवाज बाहेर गळायचा, यंत्र शीळ घालायचं. मग फटीतून घाम आत जायचा आणि ते मुकं व्हायचं. तक्रारी आल्या तेव्हा धाकट्याने तक्रार-खिडकीवरच्या मुलींना सांगून ठेवलं, "लिहा, ग्राहकाने भिजवलं."

ताईला हे कळलं होतं. आधीच कळलं होतं. "सुधार," एवढंच ती त्याला म्हणाली होती. "सुधारतो," तो म्हणाला होता. आणि दोघांनी जेवायला घेतलं होतं.

मामांनी आणि बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एका बाईंनी मिळून ही सभा मागवली. ठराव साधाच होता, या संचालकाला काढावं असा. त्याला निम्म्याहून जास्त मतं पुरेशी.

शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिचं यंत्र शीळ घालायचं, मुलं हसायची, म्हणून तिने ते दप्तरात ठेवायला सुरुवात केली. ती लक्ष देत नाही म्हणून मी तिला रागावत राहिले. यंत्र परत पाठवलं, तर उत्तर आलं की भिजवलं. तिच्या आईने तिला मारलं. तिने भिजवलं नव्हतं."



"पुरवठादाराने फसवलं," धाकटा म्हणाला.

"आणि भिजवलं असं पुरवठादाराने लिहिलं का रे?" मामांनी विचारलं.

फंडवाले साहेब बुटांच्या टोकांकडे बघत होते. त्या बुटांवरून कामगारांनी त्यांना चकचकीत हे नाव ठेवलं होतं. "आमचंही मत काढावं असंच आहे," ते म्हणाले. "आम्ही आणि कामगार एका बाजूला. तारीख लिहून ठेवायला हवी."

काही जण हसले. अध्यक्ष म्हणून ताईने हात वर करायला सांगितलं.

हात वर झाले. सोल्डरिंगचे चटके असलेले, शाईचे, थरथरणारे, चकचकीत घड्याळाचा एक. सगळे. अशा मतात माणूस म्हणजे एक हात, शेअर कितीही असोत. विरोधात कोण, असं विचारायचं ताईच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण धाकट्याच्या नावावर शेअर नव्हते आणि विरोधात ती एकटी होती.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी अंधाऱ्या जिन्यात बघायचा तसं.

"मी मतमोजणी मागते," ताई म्हणाली. "शेअरप्रमाणे."

सेक्रेटरीबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चिठ्ठ्या वाटल्या. मोजायला फार वेळ लागला नाही. कंपनीचे शेअर शंभर धरले तर ताईचे सोळा. सोळांची झाली एकशे साठ मतं. उरलेल्या चौऱ्याऐंशींची चौऱ्याऐंशी. फंड, मामा, शाळा, कामगार सगळे एका पारड्यात, आणि दुसऱ्यात तिची एकटीची चिठ्ठी. ठराव फेटाळला गेला.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. खुर्च्या सरकल्या, बाहेर चहाकडे माणसं गेली. मामा मात्र जागेवरच होते. ताई खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मामा, रागावलात?"

मामांनी यंत्र कानातून काढलं, बंद केलं आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. "आता ऐकू येणार नाही, पोरी," ते म्हणाले. "राग नाही. गाडीची किल्ली मीच दिली होती, राग कुणावर करू?"

ते गेले. शाळेतल्या बाई दाराशी त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. ताईने त्यांना नमस्कार करायला हात उचलले. त्यांनीही केला, रीतसर. ते रीतसरपण तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवापुढे बसली, पण तिच्या तोंडून स्तोत्र निघेना. ऐकणाऱ्या देवाला आता कुठल्या तोंडाने हाक मारायची? निरांजन तसंच तेवत ठेवून ती उठली आणि सेक्रेटरीबाईंच्या टेबलाशी गेली.

"माझे शेअर साधे करून टाका."

सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढला. "होतील. एका अर्जाने होतील. मग परत कधी दहा होणार नाहीत. फंडाचे शंभरात चाळीस आहेत. बड्या कंपनीचा प्रस्ताव पुन्हा आला तर स्वस्त यंत्र वाचवायला कोण आहे?"

"मग मी काय करू? तोंड दाखवायची लाज वाटते."

"लाज वाटते म्हणून सुकाणू फेकून द्यायचं, आणि बोट खडकावर गेली की म्हणायचं मी तर सोडलं होतं? ते सोपं आहे, ताई. बोलले, माफ करा." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मतं तुमचीच आहेत. काल ज्या बाजूला टाकली, तिथेच टाकली पाहिजेत असा नियम नाही."

ताईने समोरची खुर्ची ओढली. मग बसली आणि दोन ठराव सांगितले. एक, धाकट्याला संचालकपदावरून काढावं. मांडणार ती स्वतः. दुसरा, कंपनीच्या नियमावलीत असं घालावं की तिच्या घरातल्या कुणाची नेमणूक, पगार किंवा काढून टाकणं याचा प्रश्न आला, तर तिच्या शेअरलाही एकाला एकच मत. इतर बाबतींत दहा राहतील.

"नियमावली बदलायला तीन चतुर्थांश लागतात," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "फक्त तुमच्या मतांवर होणार नाही. त्यांचीही मागावी लागतील."

"मागेन."

आणि ती कडी लावून विकलेली सगळी यंत्रं दुरुस्तीसाठी परत बोलवायचा आदेश तिने तिथूनच दिला. त्याला सभा लागत नव्हती. तो कधीही देता आला असता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

धाकट्याला तिने नोटीस जाण्याआधी, त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "काल वाचवलंस ते कशाला? काल गेलो असतो तर त्यांनी काढलं असतं. आता तू काढतेयस."

धाकट्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिला घेववेना.

पुढच्या सभेत ताई मंचावर बसली नाही. अध्यक्षपद त्या दिवसापुरतं दुसऱ्या संचालकांकडे दिलं आणि ती मामांच्या मागच्या रांगेत बसली. दोन्ही ठराव मांडायला उठली तेव्हा फक्त एवढंच बोलली, "गेल्या वेळी तुमचे सगळ्यांचे हात मला दिसत होते. तरी मी चिठ्ठी मागितली."

चकचकीत साहेबांनी सुद्धा मान वर केली नाही.

आधी एका, मग दुसऱ्या ठरावासाठी हात वर करायला सांगितलं गेलं. पुन्हा तेच हात उठले, चटक्यांचे, शाईचे. ताईने आपला वर केला. एक हात, एक मत. मोजणी कुणी मागितली नाही.

मामांनी मागे वळून पाहिलं, तिचा हात वर आहे का ते. ते हसले नाहीत. पुढे वळले, आणि त्यांच्या कानामागे कडी बदलून आलेलं यंत्र होतं, ते शांत होतं. शाळेतल्या बाई त्यांच्या शेजारीच होत्या. त्या मात्र वळल्या नाहीत.

सगळे हात खाली आले तरी ताईचा वरच होता. शेजारच्या कामगाराने हळूच सांगितलं, "ताई, झालं. मोजून झालं."