उरले तीस

सत्राच्या पहिल्याच दिवशी सुनेने एकपानी तक्ता छापून कपाटाच्या दारावर चिकटवला. मिळालेले गुण, एकूण गुण, भारांश म्हणजे शंभरातला त्या भागाचा वाटा, आणि उरलेला भारांश, असे चार रकाने. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला पास व्हायला शंभरात साठ लागत. स्वाध्यायांत तिला पन्नासपैकी चाळीस पडले. भारांश वीस, म्हणजे सोळा. प्रात्यक्षिकांत पन्नासपैकी तीस. भारांश वीस, म्हणजे बारा.

मध्यसत्र परीक्षेच्या सकाळी सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. नवरा ट्रक घेऊन परगावी गेलेला. ती दवाखान्यातच थांबली. दोन दिवसांनी कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, "गैरहजेरीचा अर्ज त्याच दिवशी यायला हवा होता." तीस भारांशाच्या त्या ओळीत तिने शून्य लिहिलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर सासूबाईंनी बोट ठेवून तक्ता वाचला. "शून्य? मी पोरं सांभाळते आणि तू शून्य आणतेस?"

परीक्षा त्या पडल्या त्याच दिवशी होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी जन्मभर स्वतःला बोल लावला असता.

"अभ्यास झाला नव्हता, आई."

"असो. अजून तीस उरलेत की."

अठ्ठावीस आणि तीस, अठ्ठावन्न. पैकीच्या पैकी पडले तरी दोन कमीच. तरीही ती शेवटच्या परीक्षेला बसली आणि तीसपैकी सत्तावीस मिळवले. बेरीज पंचावन्न झाली.

पुन्हा प्रवेशाचा फॉर्म तिने आणला, त्या दिवशी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "हिच्या डोक्यात काही शिरतच नाही हो. मी तरी किती दिवस पोरं सांभाळू?"

कपडे वाळत घालता घालता तिने ते ऐकलं. फॉर्म तिने भरलाच नाही.