केळुसकरांच्या जागी

पत्राचा मसुदा मी चार वेळा केला आणि रेगे साहेबांनी चारही वेळा त्यातून काहीतरी काढून टाकलं. शेवटी उरलं ते असं: आमचे प्रतिनिधी श्री. सीताराम केळुसकर यांनी वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडली आहे. त्यांच्या जागी श्री. दौलत जाधव, बी.एस्सी., यांची नेमणूक झाली आहे. मालाच्या दर्जात व सेवेत कोणताही बदल होणार नाही, याची खात्री बाळगावी.

"वैयक्तिक कारण म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर?" मी म्हणालो.

"विचारणार नाहीत. आणि विचारलंच, तर वैयक्तिकच सांगायचं."

खरं कारण रेगे साहेबांनी मला दार लावून सांगितलं होतं. केळुसकरांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. आमची कंपनी परदेशी रंगांची एजन्सी. प्रतिनिधीचं काम नुसतं ड्रम विकण्याचं नाही. गिरणीत जायचं, रंगवलेला तुकडा ठरलेल्या नमुन्याशी जुळतो की नाही ते पाहायचं, जुळत नसेल तर कुठला रंग किती घालायचा ते सांगायचं. ज्याला निळा नीट दिसत नाही तो हे करू शकत नाही, म्हणून केळुसकरांनी स्वतःच राजीनामा दिला.

"डोळ्यांचं कळलं, तर गेल्या वर्षाचा प्रत्येक लॉट गिऱ्हाईक पुन्हा बाहेर काढेल," साहेब म्हणाले. "केळुसकरांचीही तीच विनंती आहे. कुठं बोलायचं नाही."

मला हे पटलं. एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मोतीबिंदू काही एका रात्रीत होत नाही. मग हा माणूस वर्षभर रंग जुळवत होता तरी कसा?

*

परळच्या ज्या गिरणीत पहिल्यांदा जायचं होतं, ती केळुसकरांची सगळ्यात जुनी. तिथले डाइंग मास्तर दत्ताराम सावंत, मालवणकडचे. रंगखात्याच्या टोकाला त्यांची छोटी लॅबोरेटरी होती. आमच्या पत्राची प्रत त्यांच्या टेबलावर बीकरखाली दाबून ठेवलेली दिसली.

"तूच काय तो जाधव?"

"हो, मास्तर."

"बस. आता खरा सांग. केळुसकर खंय गेलो?"

"त्यांनी वैयक्तिक कारणास्तव..."

"ता वाचलंय मी. जेलात बिलात टाकला नाय ना त्याला? समितीच्या सभेला, मोर्चाला जायचा."

"नाही, नाही. घरीच आहेत."

"मग दुसऱ्या कंपनीनं उचलला?"

"नाही."

मास्तरांनी बीकर उचलला, पत्र हातात घेतलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "माणूस बदलला असं लिवलंस, समजलं. मग मालात बदल होणार नाय, हे कशाला लिवलंस? मी विचारलं होतं? लग्न जमवताना कोणी न विचारता सांगायला लागला की पोरीचे पाय एकदम सरळ आहेत, तर तू काय समजशील?"

मला हसू आलं, ते मी दाबलं. मास्तर हसत नव्हते.

"परदेशी मालाचं लायसन मिळत नाय, सगळ्यांची बोंब चालू आहे. तुमचा जुना निळा संपला, आता त्याच लेबलाखाली दुसराच काहीतरी भरताय. केळुसकराला ते पटलं नाय, म्हणून तो गेला. बरोबर?"

"मास्तर, माल तोच आहे."

"तुझ्या सांगण्यावर? तुला भेटून पाव तास झाला नाय."

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. गर्द निळ्या साड्यांची मोठी ऑर्डर चालू होती. अर्धा माल बाजारात गेला होता. उरलेला अर्धा नवीन ड्रममधून रंगवायचा होता आणि त्याची छटा पहिल्याशी जुळली नाही तर व्यापारी सगळाच माल परत करणार, आणि मास्तरांची खुर्ची जाणार. माझं म्हणाल तर मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो, आणि हे गिऱ्हाईक गेलं असतं तर नोकरी तिथंच संपली असती.

"ड्रम दारात पडलाय, तो तिथंच राहील," मास्तर म्हणाले. "केळुसकर का गेला ते समजल्याशिवाय झाकण उघडणार नाय. शनिवारपर्यंत सांग. नायतर मी दुसरीकडून घेतो."

*

केळुसकर गिरगावात मुगभाटात राहत. मी संध्याकाळी गेलो तेव्हा ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या पत्नी, कालिंदीबाई, यांनी चहा आणला.

मी आलो होतो मास्तरांना खरं सांगायची परवानगी मागायला, पण आधी मला राहवेना. "तुम्हाला नेमकं कसं दिसतं?" मी विचारलं.

रागावतील असं वाटलं. पण ते पुढे सरकले, जणू हाच प्रश्न कुणी विचारावा याची वाट पाहत होते. "चहा भरलेल्या ग्लासातून पाहिल्यासारखं. पिवळट. पांढरं कापड मला ब्लीच न केलेलं वाटतं. निळा आणि काळा शेजारी ठेव, मला दोन्ही काळेच. निळ्यातली लाली तर पार गेली."

"माझं जांभळं लुगडं ह्यांना मातकट दिसतं," कालिंदीबाई म्हणाल्या. "म्हणे, जुनं नेसून कुठं निघालीस? नवं कोरं होतं हो!"

डोळ्याच्या भिंगात पिवळेपणा चढला की निळा प्रकाश आत कमी पोचतो, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पण लुगडं मातकट होतं, हे पुस्तकात नव्हतं.

"ऑपरेशन?"

"डॉक्टर म्हणतात, अजून पिकला नाही. आंबा आहे का तो?"

मग मी मास्तरांचं सगळं सांगितलं. लग्नातल्या मुलीच्या पायांचंही. केळुसकर मोठ्यानं हसले.

"सावंताला खोटं चालत नाही," मग ते म्हणाले. "सांग त्याला. फक्त त्यालाच. पण क्रम उलटा करू नकोस. आधी गेला लॉट त्याच्या हातानं नमुन्याशी लावून बघायला सांग. दारातल्या उजेडात. बरोबर आहे असं त्याच्या तोंडून येऊ दे. मगच माझे डोळे सांग. आधी डोळे सांगितलेस तर त्याला बरोबर असलेलंही चूक दिसेल."

"बरोबरच असेल याची खात्री आहे तुम्हाला?"

"आहे."

"पण तुम्हाला तर दिसत नव्हतं."

कालिंदीबाईंनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

*

शनिवारी मास्तरांना मी म्हणालो, "कारण सांगतो. पण त्याआधी गेल्या लॉटचा एक तुकडा आणि मूळ नमुना काढाल का?"

"कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून."

कुरकुरत त्यांनी दोन्ही काढलं. लॅबोरेटरीत ट्यूबलाइट होता. त्याच्याखाली न पाहता ते उत्तरेच्या दारात गेले, कारण ट्यूबखाली जुळलेले दोन निळे दिवसाच्या उजेडात वेगळे दिसू शकतात. दोन्ही तुकडे कडेला कड लावून त्यांनी धरले, मग जागा बदलून धरले.

"एकच आहे," ते म्हणाले. "फरक नाय."

"हा केळुसकरांनी पास केलेला शेवटचा लॉट ना?"

"होय."

तेव्हा मी त्यांना मोतीबिंदूचं सांगितलं. काहीही गाळलं नाही.

मास्तरांनी तुकडे खाली केले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते दाराबाहेर गिरणीच्या चिमणीकडे बघत काहीतरी जुळवत होते.

"आधी तो बोलायचा," ते म्हणाले. "इतकी वर्षं आधी तो बोलायचा. तुकडा हातात घेतला की, 'सावंत, थोडा हिरवा मारतोय.' मग मी. गेल्या गणपतीनंतर बदलला. म्हणायला लागला, 'मास्तर, आधी तुम्ही सांगा.' मला वाटलं, वय झालं, मान द्यायला शिकला! आणि मी सांगितलं की म्हणायचा, 'माझ्या मनातलं बोललात.'" त्यांनी हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं. "म्हणजे वर्षभर मीच माझा माल पास करत होतो?"

"तसं दिसतंय."

"मेल्यानं फसवला मला. कशासाठी? सरळ विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं काय?"

"मास्तर, ते विचारतच होते."

मास्तर खुर्चीत बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर वाफेचा पाइप फुसफुसत होता.

"आणि माल?" त्यांनी विचारलं.

"ड्रम तोच आहे असं मी नुसतं म्हणणार नाही. जुन्या ड्रममधला थोडा रंग तुमच्याकडे उरला असेल. जुना आणि नवा, दोन्ही समोर रंगवू. सारखं वजन, सारखं कापड, सारखा वेळ. मग बघू."

नव्या ड्रमचं झाकण मास्तरांनी स्वतः उघडलं. दोन भांडी शेजारी शेजारी लावली. कापड भांड्यातून निघालं तेव्हा हिरवट होतं. हवा लागली तसं आमच्या डोळ्यांदेखत निळं होत गेलं. ते मी कॉलेजात पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही. साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढून, धुऊन, आधी जुन्याचा आणि मग नव्याचा तुकडा इस्त्रीनं वाळवला.

दारात आल्यावर मास्तरांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले आणि आपले हात पाठीमागे बांधले.

"आधी तू," ते म्हणाले. "मी तोंड उघडणार नाय."

मी पाहिलं. एकच आहे असं म्हणायची मला फार इच्छा होती. पण एकच दिसत नव्हतं. मी जागा बदलून पाहिलं.

"नवा थोडा लाल आहे," मी म्हणालो. माझ्याच कंपनीचा माल होता.

"किती?"

"थोडासाच. पण आहे."

मास्तर पुढे झाले, डोळे बारीक करून पाहिलं. "आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या बोटांच्या लक्षात आलं की उजव्या हातातला तुकडा अजून गरम आहे. डावा गार होता.

"मास्तर, हा नवा तुकडा नंतर इस्त्री केला. थोडं थांबू या का? गरम असताना काही निळे लाल दिसतात."

"थांबू या," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही.

दोन्ही तुकडे दाराच्या कडीवर टांगून आम्ही उभे राहिलो. त्यांनी मला कुठं राहतोस, वडील काय करायचे, ते विचारलं. नायगावात, आणि वडील गिरणीतच होते, असं मी सांगितलं. मग त्यांनी मानेनंच तुकड्यांकडे खूण केली.

तुकडे गार झाले होते. मी कडेला कड लावली, जागा बदलली, पुन्हा लावली. कड कुठं संपते ते शोधावं लागत होतं.

"गेली लाली," मी म्हणालो.

मास्तरांनी तुकडे घेतले. माझ्यापेक्षा दुप्पट वेळ पाहिले.

"गेली," ते म्हणाले, आणि आत वळून कामगाराला ओरडले, "रामदास! तो ड्रम दारातून आत घे रे."

टेबलावर आमचं पत्र अजून होतं. मास्तरांनी ते माझ्यासमोर सरकवलं. "दुसऱ्या गिरण्यांना हेच पाठवणार?"

"पाठवलंसुद्धा."

"मग प्रत्येक ठिकाणी जाऊन आधी बोल. लाल असला तर लाल म्हण." त्यांनी टोपी घातली. "आणि सोमवारी लवकर ये. उरलेला लॉट चालू करणार आहे. जाताना गिरगावात त्याच्याकडे थांब. सांग, सावंत म्हणतो, माल बरोबर आहे."

"आणि डोळ्यांबद्दल काही?"

"ते मी जाऊन बोलेन त्याच्याशी. ते तुझं काम नाय."

मी गिरणीच्या फाटकाबाहेर आलो आणि सरळ मुगभाटाकडे निघालो.