नववा प्रश्न

ओट्यावरून चमचा घसरला आणि फरशीवर दोनदा वाजला.

“बंद करा ते!” बाहेरच्या खोलीतून माझा नवरा संघर्ष ओरडला आणि चहाचा कप भिंतीवर फुटला. माझी पाच वर्षांची स्नेहा पटकन दाराआड झाली. कपाचे तुकडे भरून मी उठले तेव्हा तो पुन्हा खुर्चीत बसला होता, बंद टीव्हीकडे बघत. राग कधी आला आणि कधी गेला, त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

सिन्नरच्या कंपनीतून मोटारसायकलवर परतताना त्याचा अपघात झाला, त्याला सात महिने झाले. डोक्याचं ऑपरेशन झालं, हातपाय वाचले. चालतो, जेवतो. पण सांगितल्याशिवाय अंघोळीला उठत नाही, आणि सांगितलं की चिडतो.

“आळशी झालाय लय,” सासूबाई, भिमाबाई, म्हणायच्या. “जरा दटाव की गं त्याला.”

दटावून पाहिलं. समोरचा आरसा गेला.

सोमवारी माझी रजा संपणार होती. मी शाळेत शिक्षिका, आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे स्नेहाच्या मागे धावता येत नाही. ती दिवसभर बाबांजवळ राहू शकते, एवढं त्याचे उपचार चालू असलेल्या पुनर्वसन केंद्रातल्या लोकांनी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

केंद्रातून दोन कागद घरी दिले होते, नऊ-नऊ प्रश्नांचे: एक त्यानं स्वतःबद्दल भरायचा, एक मी त्याच्याबद्दल. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, त्यावर खूण करायची. त्याच्या हातात पेन दिला, तर तो म्हणाला, “तूच भर.” दवाखान्यात नेहमी मीच त्याच्या वतीनं बोलते. सगळ्या बायका बोलतात. मी दोन्ही कागद भरले. तो रडत नाही, म्हणून उदासीच्या रकान्यात ‘नाही’. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी नीट वाचलाही नाही. ‘बिलकूल नाही.’

गुरुवारी मानसतज्ज्ञ मनीषा मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“ताई, दोन्ही अक्षरं तुमचीच?”

“त्यांना कंटाळा येतो लिहायचा.”

“दादांशी मी एकटीच बोलते. तुम्ही बाहेर बसा.”

“त्याला काय इचारता? सुनेला इचारा,” सासूबाई म्हणाल्या. “त्याच्या डोक्यात काय राहतं व्हय?”

मॅडम हसल्या. दार लोटलं गेलं. पाऊण तास.

मग मला आत बोलावलं. संघर्ष खाली बघत होता. मॅडम म्हणाल्या, “सांगू का ताईंसमोर, दादा?” त्यानं मान डोलावली.

“मेंदूला मार लागल्यावर स्वतःहून काही सुरू करता येत नाही, ते थोडं आहेच. पण नुसतं तेवढंच असेल तर माणसाला त्याचं फार काही वाटत नाही. यांना वाटतंय. झोप नाही, भूक नाही. आपण घराला ओझं झालोय, असं रोज वाटतं. हे नैराश्य आहे. आणि नववा प्रश्न मी तोंडी विचारला.”

“मी बिलकूल नाही लिहिलंय,” मी म्हणाले.

“गोळ्या साठवतोय,” संघर्ष म्हणाला. एवढ्या महिन्यांत त्यानं न चिडता, आपणहून माझ्यासमोर उच्चारलेलं पहिलं वाक्य.

नंतरचं मला तुटक आठवतं. डॉक्टर आल्या. झटके येऊ नयेत म्हणून अपघातापासून चालू असलेली गोळी पाहिली. एकदाही झटका आलेला नाही ना, असं दोनदा विचारलं. ती गोळीही चीड वाढवू शकते म्हणाल्या. पण मनानं बंद करायची नाही, न्यूरोसर्जनशी बोलून हळूहळू बदलू. नैराश्याची गोळी छोट्या डोसनं सुरू, गुण यायला महिनाभर लागेल. आठवड्यातून दोनदा मनीषा मॅडमकडे. घरात एका वेळी एकच आवाज. तो चिडला की वाद घालायचा नाही, स्नेहाला घेऊन खोलीबाहेर. रोज ठरलेल्या वेळी एकच काम, तेही मी सोबत उभं राहून सुरू करून द्यायचं: कुंडीला पाणी.

“आणि सोमवार?” मी विचारलं.

“सध्या त्यांना एकटं ठेवायचं नाही. मुलीला त्यांच्या भरवशावर तर नाहीच. गोळ्या कुलपात, किल्ली तुमच्याकडे. आजच.”

मी शाळेत फोन करून रजा वाढवली. मग केंद्राच्या जिन्यात बसून स्वतःच्या अक्षराचा विचार करत राहिले. किती सुबक काढलं होतं मी ते ‘बिलकूल’.

घरी त्याच्या उशीच्या अभ्र्यातून सव्वीस गोळ्या निघाल्या. त्यानंच काढून दिल्या, माझ्याकडे न बघता. मी त्याचा हात धरला. त्यानं तो काढून घेतला नाही, धरलाही नाही.

कपाटाला कुलूप लावताना स्नेहा मागे उभी होती. किल्ली मी गळ्यातल्या साखळीत ओवली.

“आई, बाबा तर मोठे आहेत ना? मग त्यांची औषधं कुलपात का?”